उत्तर आल्यानंतरचे तीन सेकंद

प्रश्न : सातवीला विज्ञान शिकवते. वर्गात ५४ मुलं, तास ३५ मिनिटांचा. प्रशिक्षणात सांगितलं होतं की प्रश्न विचारल्यावर तीन सेकंद थांबा आणि 'का', 'कसे' असे वरच्या पातळीचे प्रश्न विचारा. दोन्ही करून पाहिलं. थांबलं की एकतर गोंगाट होतो, नाहीतर सगळे माना खाली घालतात. हात वर करणारी तीच पाच मुलं. 'का' विचारलं तर पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं येतं. माझं नेमकं कुठे चुकतंय? (कळवा, ठाणे)

उत्तर :

प्रशिक्षणात तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली गेली, असं मला वाटतं. थांबा एक नसतो, दोन असतात. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं ऐकून हे मांडलं. प्रश्न संपल्यापासून मुलाला बोलतं करेपर्यंत किंवा दुसरा प्रश्न टाकेपर्यंत शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात, हे त्यांना दिसलं. हा पहिला थांबा. मुलाचं उत्तर संपल्यापासून शिक्षक तोंड उघडेपर्यंतचा वेळ हा दुसरा थांबा, आणि तोही तेवढाच तोकडा होता. दोन्ही तीन सेकंद किंवा थोडे जास्त केले तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, न विचारता बोलणारी मुलं वाढली, 'येत नाही' म्हणणारी किंवा गप्प राहणारी कमी झाली आणि मुलं एकमेकांच्या म्हणण्याला धरून बोलू लागली. आपल्याकडच्या प्रशिक्षणांत पहिला थांबा पोचतो, दुसरा वाटेत गळतो. ऐरोलीतल्या मराठी शाळेत इतकी वर्षं शिकवून माझं मत असं झालं आहे की चर्चेची पातळी वर जाते ती मुख्यतः या दुसऱ्या थांब्यात.

पण त्याआधी एक तपासणी करा. फोन टेबलावर ठेवून एका तासाचं ध्वनिमुद्रण करा. ते फक्त तुम्ही ऐका, ऐकून झालं की पुसून टाका. त्यातली मधली दहा मिनिटं घ्या आणि घड्याळ हातात धरून दोन्ही थांबे मोजा. मी पहिल्यांदा मोजले तेव्हा मला पक्की खात्री होती की मी थांबते. प्रत्यक्षात मी थांबतच नव्हते, त्या वेळात बोलत होते. 'मुळं वर का येतात? हं? सांगा बघू. म्हणजे मुळांना काय हवं असतं? काय लागतं आपल्याला जगायला?' एका दमात तीन प्रश्न, आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा सोपा. मुलं हे फार लवकर ओळखतात. गप्प बसलं की बाई प्रश्न सोपा करतात, आणखी गप्प बसलं की उत्तरच सांगून टाकतात. माना खाली घालणारी मुलं तुमच्या वाक्याचा शेवट यायची वाट पाहत असतात. ज्या वेळात शिक्षकाचा आवाज आहे तो वेळ थांब्यात धरायचा नाही.

आता 'का' बद्दल. विचारांच्या पातळ्या मांडणारी ब्लूमची वर्गवारी १९५६ सालची आणि तिची सुधारित मांडणी २००१ची. ती आपल्यापर्यंत क्रियापदांची यादी होऊन आली : सांगा, लिहा म्हणजे खालचं, स्पष्ट करा, कारणे द्या म्हणजे वरचं. मात्र प्रश्न कुठल्या पातळीचा आहे हे त्याच्या पहिल्या शब्दावरून ठरत नाही. उत्तर देण्यासाठी मुलाला डोक्यात काय करावं लागलं, यावरून ते ठरतं. खाडीच्या चिखलात वाढणाऱ्या तिवराच्या झाडाबद्दल 'तिवराची मुळं जमिनीबाहेर का येतात?' हा दिसायला 'का'चा प्रश्न आहे. मुलाने आदल्या दिवशी पुस्तकात 'श्वसनासाठी' वाचलेलं असेल, तर त्याच्यापुरता तो नुसत्या आठवणीचा प्रश्न. तुम्हाला पुस्तकातलं वाक्य मिळतं याचं कारण हेच आहे, मुलांचा त्यात दोष नाही. आठवणीच्या प्रश्नावर थांबून उपयोगही होत नाही. आठवत असेल तर लगेच येतं, नसेल तर दहा सेकंदांनीही येत नाही, आणि त्या रिकाम्या वेळात वर्ग गोंगाट करतो. पाढे, व्याख्या, चिन्हं, सूत्रं झटपट विचारा, झटपट पुढे जा. तिथे थांबू नका.

म्हणजे थांबा कामाला यायला आधी थांबण्याजोगा प्रश्न लागतो. हाच तिवराचा पाठ घेऊन दाखवते, कारण तुमच्या-माझ्या मुलांनी खाडी पाहिलेली आहे. ठाणे–वाशी गाडीत ऐरोलीच्या बाजूला खिडकीतून किंवा खाडीपुलावरून ओहोटीच्या वेळी पाहिलं, तर चिखलातून वीतभर उंचीच्या, पेन्सिली उभ्या रोवाव्यात तशा शेकडो काड्या वर आलेल्या दिसतात. ती तिवराची श्वसनमुळं. मी पुस्तकातलं उत्तर विचारायचं सोडलं. उलट ते फळ्यावर स्वतःच लिहिलं : 'तिवराची मुळं श्वसनासाठी जमिनीबाहेर येतात.' आणि त्याखाली प्रश्न लिहिला : 'आंब्याच्या मुळांनाही श्वसन करावं लागतं. मग आंब्याची मुळं अशी वर का येत नाहीत?'

पुस्तकातलं वाक्य इथे आधीच खर्ची पडलं आहे, ते पुन्हा देऊन कोणाला सुटता येत नाही. उत्तरासाठी दोन जागा शेजारी ठेवून फरक शोधावा लागतो. हा फरक पुस्तकात सरळ लिहिलेला नाही, पण तो शोधायला लागणारी सामग्री प्रत्येक मुलाकडे आहे : चिखल, पाणी, कुंडी, अंगणातली माती. प्रश्न तयार करताना मी हे दोनच निकष लावते. उत्तर पुस्तकातून उचलता येत नाही ना, आणि विचार करायला लागणारा ऐवज मुलांजवळ आहे ना. दुसरा निकष चुकला की वर्ग मुका होतो. ज्या मुलाने खाडी पाहिलेली नाही त्याच्यासाठी तासाआधी एक फोटो फिरवावा लागतो, नाहीतर त्याच्यापुरता प्रश्न हवेत राहतो.

असा प्रश्न घरी बसून तयार करावा लागतो. तासात उभ्या उभ्या सुचणारे प्रश्न बहुतेक आठवणीचेच असतात. एका पाठाला असा एकच प्रश्न पुरतो.

५४ मुलांच्या वर्गात नुसतं गप्प उभं राहून जमत नाही, कारण गप्प राहण्यात मुलांना काही काम नसतं. म्हणून पहिल्या थांब्याला काम जोडा. प्रश्न फळ्यावर लिहिला की मी म्हणते, 'हात वर करायचे नाहीत. वहीच्या मागच्या पानावर एक ओळ लिहा. चुकली तरी चालेल, मी तपासणार नाही.' पाऊण ते एक मिनिट. त्यानंतर शेजाऱ्याला आपली ओळ वाचून दाखवायची, आणखी एक मिनिट. गोंगाट इथेच होऊ द्या, तो कामाचा असतो. मी त्या दोन मिनिटांत बाकांमधून फिरते, काही बोलत नाही, फक्त वह्या पाहते. कोणाच्या ओळीत काय आहे हे मला चर्चेआधी कळतं आणि चर्चा कुठून सुरू करायची ते ठरवता येतं. हे तीन सेकंदांपेक्षा कितीतरी जास्त आहे, याची कल्पना आहे. तीन सेकंद हा किमान आकडा आहे. दोन गोष्टी शेजारी ठेवून फरक शोधण्याच्या प्रश्नाला ते पुरत नाहीत.

मग हजेरी क्रमांकाची चिठ्ठी. जुन्या पुठ्ठ्याच्या ५४ चिठ्ठ्या, डब्यात. प्रत्येकाने एक ओळ लिहिलेली असल्याने चिठ्ठी निघाली तरी मूल उघडं पडत नाही, वही वाचून दाखवता येते. आपल्याकडे उत्तर देताना मूल उभं राहतं, हे इथे विसरू नये. उभ्या मुलाकडे सगळा वर्ग पाहत असताना आपण पाच-सहा सेकंद गप्प राहिलो, तर त्याच्यासाठी ती शिक्षा होते. म्हणून पहिला थांबा नेहमी नाव घेण्याआधी, सगळ्या वर्गासाठी. नाव घेतल्यावर मूल अडकलंच तर मी सांगते, 'बस. दोघांचं ऐक, मग तुझ्याकडे परत येते.' आणि परत जातेच. एकदा जरी परत जायचं राहिलं तरी 'बस' म्हणजे सुटका, हे वर्गाला कळतं. रो बाईंनी आणखी एक गोष्ट नोंदवली होती : ज्यांच्याकडून उत्तराची आशा असते त्या मुलांना शिक्षक जास्त वेळ देतात, मागे पडलेल्यांना कमी. मीही तेच करत होते. चिठ्ठी आणि 'परत येते' या दोन्ही सवयी मी त्यासाठीच लावून घेतल्या.

आता त्या तासातली चर्चा जशी झाली तशी सांगते, कारण दुसरा थांबा त्यातच दिसेल.

चिठ्ठी निघाली ती तिसऱ्या बाकावरच्या मुलीची. ती म्हणाली, "बागेत चिखल नसतो."

पूर्वीची मी म्हणाले असते, 'बरोबर! छान! म्हणजे चिखलात मुळांना हवा मिळत नाही.' तीन वाक्यं, आणि चर्चा संपली. 'बरोबर' ऐकलं की बाकीची ५३ मुलं विचार थांबवतात, कारण उत्तर सापडलेलं असतं. आणि पुढचा कठीण भाग, चिखल असल्याने नेमकं काय बिघडतं, तो मीच पुरा केला असता. या वेळी मी काही बोलले नाही. तिच्याकडे पाहत राहिले आणि मनात 'एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन' मोजलं. तिसऱ्यावर ती पुन्हा बोलली : "म्हणजे बागेत पण पाणी घालतात, पण ते खाली जातं. खाडीत साचून राहतं."

पहिल्या वाक्यात निरीक्षण होतं, दुसऱ्यात तुलना आली, आणि दोघांच्या मध्ये माझा एकही शब्द नव्हता. बहुतेक मुलांचं पहिलं वाक्य हे असंच उंबऱ्यावरचं असतं. आपण घाईने दार लावतो म्हणून आतलं दिसत नाही.

मग मी एवढंच म्हटलं, "ती म्हणते, पाणी साचून राहणं हा फरक आहे. यावर कोणाचं काय?" पुन्हा थांबले. खिडकीजवळचा एक मुलगा, एरवी क्वचितच बोलणारा, म्हणाला, "पण पाण्यात ऑक्सिजन असतोच की. मासे घेतात ना."

चर्चेतला सर्वांत मोलाचा क्षण हा होता आणि तो सर्वांत सहज वाया जाणारा. मुलाचं म्हणणं चूक नाही, पण आपल्या उत्तराच्या आड येतं. शिक्षकाला तातडीने ते निस्तरावंसं वाटतं : 'हो, पण माशांना कल्ले असतात, मुळांना नसतात.' मी गप्प राहिले. चेहराही सांभाळावा लागतो, बरं का. कपाळाला आठी पडली किंवा मान किंचित हलली तरी मुलं उत्तर वाचतात. पाचेक सेकंद काहीच नाही. मग दोन बाजूंनी एकदम आवाज आले. एक : "मासे पाण्यात असतात, मुळं चिखलात." दुसरा : "चिखल गच्च असतो, त्यात पाणी पण हलत नाही." आणि मागून एका मुलीने विचारलं, "म्हणून त्याला तसा घाण वास येतो का?"

मी बोलावं अशी वेळ आता आली होती. मुलं तर्काने जिथवर जाऊ शकत होती तिथवर गेली होती, पुढे माहिती हवी होती. ती प्रश्न विचारून काढता येत नाही, ती द्यावी लागते. 'ओळखा बघू' करत बसणं म्हणजे वेळेचा नाश. मी सांगितलं की ऑक्सिजन हवेत जितक्या वेगाने पसरतो त्याच्या साधारण दहा हजारपट सावकाश तो पाण्यातून पसरतो. चिखलातल्या कणांमधली जागा पाण्याने भरलेली असते. वरून जो थोडा ऑक्सिजन आत शिरतो तो वरच्या थरातले जीवाणूच संपवतात. त्याखाली ऑक्सिजनशिवाय जगणारे जीवाणू असतात आणि त्यांच्यापासून हायड्रोजन सल्फाइड तयार होतं. सडक्या अंड्यासारखा तो वास याच वायूचा. एका मिनिटाची माहिती, पण ती एका मुलीने विचारलेल्या प्रश्नाच्या जागी बसली. तासाच्या सुरुवातीला सांगितली असती तर वहीत गेली असती आणि तिथेच राहिली असती.

यानंतर पातळी आणखी वर न्यायला एकच प्रश्न ठेवला होता, नवी मुंबईत राहणाऱ्याला दूरचा न वाटणारा : "तिवरांच्या मधल्या जागेत कोणी बांधकामाचं डेब्रिज आणून टाकलं. एकही झाड तोडलं नाही, फांदीसुद्धा मोडली नाही. झाडांचं काय होईल?" पुन्हा एक ओळ, पुन्हा शेजारी. या वेळी सुरुवातीला बरीच मुलं म्हणाली, 'काही नाही होणार, झाड तर उभंच आहे.' मग वर्गातच वाद झाला. श्वसनमुळं गाडली गेली तर खालच्या मुळांना हवा पोचणार नाही, झाड हळूहळू मरेल, इथवर मुलं आपणहून आली. एक मुलगा म्हणाला, "म्हणजे कुंडीत रोज रोज पाणी घातलं की तुळस मरते तसंच." हा दाखला माझ्या टाचणात नव्हता.

या सगळ्याला १६ मिनिटं लागली. ती कुठून आली, असं तुम्ही विचाराल. मी त्या पाठाची स्वाध्यायाची उत्तरं फळ्यावर लिहून देणं बंद केलं, मुलांनी ती घरी लिहिली. रोज १६ मिनिटं निघत नाहीत आणि काढूही नयेत. आठवड्याला दोन असे प्रश्न झाले तरी मी समाधानी असते. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात एकही घेत नाही.

दुसऱ्या थांब्यात तुमचा सर्वांत मोठा अडसर तुमच्याच तीन सवयी असतील, आणि त्या ध्वनिमुद्रणात ऐकू येतील. एक 'छान, बरोबर'. कौतुक जरूर करा, पण चर्चा संपल्यावर, आणि कशाचं ते सांगून : 'माशांचा मुद्दा निघाला म्हणून आपण चिखलापर्यंत पोचलो.' दुसरी, मुलाचं प्रत्येक उत्तर मोठ्याने पुन्हा म्हणणं. मागच्या बाकाला ऐकू जावं म्हणून आपण ते करतो, पण त्याने मुलं एकमेकांचं ऐकणं सोडतात, बाई सांगतीलच म्हणून. त्याऐवजी बोलणाऱ्याला वर्गाकडे वळून, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बोलायला सांगा. ही सवय लागायला माझ्या वर्गाला जवळजवळ महिना लागला. मुद्दा वळण घेतो तिथे मात्र तुमच्या शब्दांत एकदा मांडा, मी 'साचून राहणं' मांडलं तसं. तिसरी सवय 'समजलं का?'. त्यावर 'होऽऽ बाई' यापलीकडे काही येत नाही.

गडबड उलट्या दिशेनेही होते. काही शिक्षक थांबायला शिकतात आणि मग प्रत्येक उत्तरानंतर थांबतात, चूक माहितीवरसुद्धा. 'तिवर समुद्राच्या तळाशी वाढतं' असं कोणी म्हणालं तर तिथे थांबून काय मिळणार? ते लगेच दुरुस्त करा आणि पुढे चला. थांबा तर्कासाठी आहे. आणि सात-आठ सेकंदांनंतरही वर्ग निःशब्द असेल तर आणखी थांबू नका आणि प्रश्न सोपाही करू नका. 'शेजाऱ्याशी अर्धा मिनिट बोला' म्हणा. त्यानंतरही काही आलं नाही तर प्रश्न चुकला आहे असं समजा, बहुतेक वेळा दुसऱ्या निकषावर, म्हणजे विचार करायला लागणारा ऐवज मुलांजवळ नाही. तो सोडून द्या, घरी नीट करा, दोन दिवसांनी पुन्हा आणा.

सुरुवातीला फक्त दुसरा थांबा धरा, तेही एकाच वर्गात. मुलांना आधी सांगून टाका : 'उद्यापासून तुम्ही बोललात की मी लगेच काही म्हणणार नाही. याचा अर्थ उत्तर चुकलं असा नाही.' हे न सांगता मी सुरू केलं होतं, आणि पहिल्या आठवड्यात मुलं माझं गप्प राहणं पाहून आपली बरोबर उत्तरं बदलत होती.

तीन-चार आठवड्यांनी पुन्हा ध्वनिमुद्रण करा. या वेळी सेकंद मोजू नका. तुमच्या दोन बोलण्यांच्या मध्ये किती मुलं बोलली ते मोजा. पहिल्या वेळी तो आकडा जवळजवळ कायम एक असेल : तुम्ही, मूल, तुम्ही, मूल. तो कधीमधी दोन किंवा तीन झालेला ऐकू आला, आणि मुलांच्या वाक्यांत 'कारण', 'पण', 'तो म्हणाला तसं नाही' असे शब्द येऊ लागले, तर पहिल्या थांब्याकडे वळा. नाहीच आले तर त्याच ध्वनिमुद्रणात मुलाच्या शेवटच्या शब्दानंतर पहिला आवाज कोणाचा आहे ते ऐका.